कमी ऑक्सिजनात तेवढंच अंतर

१३ एप्रिल २००३ रोजी पॉला रॅडक्लिफनं लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत पूर्ण केली. महिलांचा हा विश्वविक्रम पुढं सोळा वर्षं, ऑक्टोबर २०१९ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. शरीरक्रियाशास्त्राच्या अभ्यासकांना मात्र त्या शर्यतीपेक्षा तिच्यामागची अकरा वर्षांची नोंदवही जास्त मोलाची वाटते. अँड्र्यू जोन्स हे ब्रिटिश शास्त्रज्ञ १९९२ पासून, म्हणजे ती अठरा वर्षांची असल्यापासून, प्रयोगशाळेत तिच्या चाचण्या घेत होते. एकाच धावपटूच्या इतक्या वर्षांच्या नोंदी सहसा मिळत नाहीत.

त्या नोंदींत एक आकडा जवळपास जागचा हललाच नाही. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, हे सांगणारा व्हीओटू मॅक्स. तो १९९२ मध्येही दर किलो वजनामागं मिनिटाला सुमारे ७० मिलिलिटर होता आणि २००३ मध्येही साधारण तेवढाच. तिचं वजनही ५४ किलोच्या आसपासच राहिलं. म्हणजे इंजिन तेवढंच, गाडीही तेवढीच जड. बदललं ते मायलेज. १९९२ मध्ये ताशी १६ किलोमीटर वेगानं धावताना तिला दर किलो वजनामागं एक किलोमीटर कापायला २०५ मिलिलिटर ऑक्सिजन लागत होता. २००३ मध्ये त्याच वेगाला १७५ मिलिलिटर पुरत होता. याला रनिंग इकॉनॉमी म्हणतात.

पंधरा टक्क्यांचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, म्हणून हिशेब मांडून पाहू. ताशी १६ किलोमीटरला जुन्या खर्चानं तिला मिनिटाला सुमारे ५५ मिलिलिटर लागत, म्हणजे कमाल क्षमतेच्या ७८ टक्के. नव्या खर्चानं ४७, म्हणजे ६७ टक्के. आता लंडनचा वेग घ्या. तो ताशी १८.७ किलोमीटर होता. दर किलोमीटरचा खर्च या वेगालाही तेवढाच राहतो असं धरलं, तर १९९२ च्या शरीराला त्यासाठी कमाल क्षमतेच्या ९१ टक्क्यांवर धावावं लागलं असतं. तिथं कुणी सव्वादोन तास टिकत नाही. २००३ च्या शरीराला तोच वेग ७८ टक्क्यांत परवडला. संपूर्ण मॅरेथॉनचा हिशेब केला तर जुन्या पद्धतीनं सुमारे ४६७ लिटर ऑक्सिजन आणि नव्या पद्धतीनं ३९९ लिटर. एक लिटर ऑक्सिजनमागं साधारण ५ किलोकॅलरी खर्च होतात, म्हणजे वाटेत सव्वातीनशे-साडेतीनशे किलोकॅलरी वाचल्या. स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा तिसाव्या-पस्तिसाव्या किलोमीटरला तळ गाठतो, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना या बचतीची किंमत सांगायला नको.

व्हीओटू मॅक्स हा एकच आकडा पाहून धावपटूंची प्रतवारी लावणाऱ्यांना धक्का देणारी उदाहरणं याआधीही होती. ऑस्ट्रेलियाचा डेरेक क्लेटन १९६७ मध्ये जपानच्या फुकुओका इथं मॅरेथॉन २ तास १० मिनिटांच्या आत धावणारा पहिला माणूस ठरला. त्याचा व्हीओटू मॅक्स ७० च्याही किंचित खाली होता. त्या पातळीच्या धावपटूसाठी तो अगदीच बेताचा. १९८० मध्ये कॉन्ले आणि क्रॅहेनबूल या अमेरिकन संशोधकांनी बारा तयारीचे धावपटू निवडले. सगळ्यांचा व्हीओटू मॅक्स जवळपास सारखा होता, पण दहा किलोमीटरच्या वेळांत चांगला फरक होता. त्या फरकाचा सुमारे ६५ टक्के भाग एकट्या रनिंग इकॉनॉमीनं समजावता आला. क्षमता सारखी झाली की काटकसर ठरवते कोण पुढं जाणार.

हा आकडा काढतात कसा, ते थोडक्यात सांगायला हवं, कारण चुका तिथंच होतात. धावपटूला ट्रेडमिलवर एकाच वेगानं चार ते सहा मिनिटं धावायला लावतात आणि तोंडावरच्या मास्कमधून उच्छ्वासातल्या वायूंचं मोजमाप घेतात. पहिली दोन-तीन मिनिटं सोडून देतात, कारण तोवर ऑक्सिजनचा वापर चढतच असतो. शेवटच्या मिनिट-दोन मिनिटांची सरासरी धरतात. ट्रेडमिलवर समोरून वारा लागत नाही, म्हणून पट्टा एक टक्का चढाला लावण्याचा प्रघात आहे. वेग मात्र असा हवा की धावपटू तो आरामात पेलू शकेल. फार जोरात पळवलं की ऊर्जेचा काही भाग ऑक्सिजनशिवायच तयार होऊ लागतो आणि मास्कला तो दिसत नाही. मग दमलेला माणूस कागदावर काटकसरी ठरतो. शिवाय त्याच माणसाचं मोजमाप आज आणि उद्या दोन-तीन टक्क्यांनी सहज हलतं. अमुक बुटानं किंवा तमुक व्यायामानं दोन टक्के फायदा झाला असं एका चाचणीवरून कुणी सांगत असेल, तर ते मनावर घेऊ नये.

आता मूळ प्रश्न. वेग तोच, वजन तेच, मग ऑक्सिजन कमी का लागतो? सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगानं धावताना माणूस काही उचलत नाही, कुठं चढत नाही. वाऱ्याचा विरोध सोडला तर भौतिकशास्त्राच्या हिशेबानं त्याला फारसं कामच करावं लागू नये. तरीही धाप लागते, कारण प्रत्येक पावलाला शरीर खाली येतं, क्षणभर अडतं आणि पुन्हा वर-पुढं फेकलं जातं. खाली येतानाची ऊर्जा कुठं जाते आणि वर जातानाची कुठून येते, यावर सगळं अवलंबून आहे.

१९६४ मध्ये इटलीच्या कॅव्हान्या, साइबेने आणि मार्गारिया यांनी पावलागणिक होणारं हे यांत्रिक काम मोजलं आणि ते खर्च झालेल्या ऑक्सिजनशी ताडून पाहिलं. स्नायूची कार्यक्षमता फार तर २५ टक्के असते. म्हणजे चार भाग ऊर्जा जाळली की एक भाग काम मिळतं. धावताना मात्र हा आकडा ४० ते ५० टक्के आला. स्नायूला हे शक्य नाही. तेव्हा उरलेलं काम फुकटात कुणीतरी करत होतं. ते करतात कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या. त्या ताणल्या जातात, ऊर्जा साठवतात आणि सुटताना परत करतात. त्यांना ऑक्सिजन लागत नाही म्हटलं तरी चालेल.

यातला वाटा किती, हे ब्रिटनच्या केर, अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं. वैद्यकीय कारणासाठी कापाव्या लागलेल्या पावलांवर त्यांनी यंत्रानं धावण्याइतका दाब देऊन पाहिला. सत्तर किलोचा माणूस सेकंदाला साडेचार मीटर, म्हणजे ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास धावतो, तेव्हा प्रत्येक पावलाला सुमारे १०० ज्यूल ऊर्जेची उलाढाल होते. त्यातले अंदाजे ३५ ज्यूल टाचेमागच्या जाड कंडरेत साठतात आणि १७ ज्यूल तळपायाच्या कमानीत. निम्मी उलाढाल या दोनच जागी होते. टाचेमागच्या या कंडरेला धावणारे अकिलीज म्हणतात. टाचेच्या हाडाच्या वर दोन बोटांच्या चिमटीत ती स्पष्ट लागते.

पण साठवलेली ऊर्जा परत मिळते एवढ्यावर गोष्ट संपत नाही, आणि माझ्या मते खरी मेख पुढंच आहे. कंडरा ताणली जायची तर तिच्या वरच्या टोकाला स्नायूनं घट्ट धरून ठेवलं पाहिजे. स्नायू ढिला सोडला तर कंडरेऐवजी तोच लांबेल आणि मग त्याला पुन्हा आखडायचं काम करावं लागेल. स्नायूची एक खोड आहे: जागच्या जागी ताण धरायला त्याला कमी तंतू लागतात, आणि तोच ताण भराभर आखडत द्यायचा असेल तर कितीतरी जास्त तंतू कामाला लावावे लागतात. जास्त तंतू म्हणजे जास्त ऑक्सिजन. १९९७ मध्ये रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी टर्की पक्ष्यांना ट्रेडमिलवर पळवलं आणि त्यांच्या पोटरीच्या स्नायूंत बसवलेल्या उपकरणांनी ताण आणि लांबी दोन्ही मोजली. पाय जमिनीवर असताना स्नायू जवळपास तेवढ्याच लांबीचा राहिला. लांबण्या-आखडण्याचा सगळा खेळ कंडरेनं केला. माणसात चित्र इतकं स्वच्छ नाही. अल्ट्रासाउंडनं पाहिलं तर मांडीचा पुढचा स्नायू जवळपास स्थिर राहतो, पण पोटरीतला खोलवरचा सोलियस पाय टेकलेला असताना सावकाश आखडत राहतो. हा सावकाशपणा महत्त्वाचा. कंडरा लांबी बदलण्याची जबाबदारी जितकी उचलेल, तितकं स्नायूला आपल्या फायद्याच्या संथ गतीत राहता येतं.

इथं पायाची ताठरता येते. इंग्रजीतून आलेला स्टिफनेस हा शब्द धावण्याच्या घड्याळांमुळं आता अनेकांना ओळखीचा झालाय, पण त्यातून भलताच गैरसमज होतो. ताठरता म्हणजे गुडघा न वाकवता काठीसारखा पाय टाकणं नव्हे. १९८९-९० च्या सुमारास ब्लिकहान आणि मॅकमहॉन यांनी धावणाऱ्या माणसाचं एक साधं गणिती रूप मांडलं: सगळं वजन एका बिंदूत, आणि त्याखाली एक स्प्रिंग. पाय टेकताना स्प्रिंग दबते, सुटताना उघडते. दाब किती आला भागिले स्प्रिंग किती दबली, ही झाली ताठरता. प्रत्यक्षात अशी स्प्रिंग शरीरात कुठंही नाही; घोटा, गुडघा, खुबा, कंडरा आणि त्यांना धरणारे स्नायू यांच्या एकत्रित वागण्याचा तो हिशेब आहे.

हा हिशेब करायला महागडी यंत्रं लागतात असंही नाही. फ्रान्सच्या मोरँ यांनी २००५ मध्ये एक सोपी रीत दिली. वजन, पायाची लांबी, वेग, पाय जमिनीवर किती वेळ असतो आणि दोन्ही पाय हवेत किती वेळ असतात, एवढं कळलं की ताठरता काढता येते. दोन धावपटू कल्पू या. दोघांचं वजन ६० किलो, पाय ९० सेंटिमीटर लांब, वेग ताशी १६ किलोमीटर आणि मिनिटाला पावलंही सारखीच, १७६. फरक इतकाच की पहिल्याचा पाय प्रत्येक पावलाला ०.२१ सेकंद जमिनीवर असतो आणि दुसऱ्याचा ०.२४ सेकंद.

पहिला जमिनीवर कमी वेळ असल्यानं त्याला तेवढ्या वेळात जास्त जोर लावावा लागतो. त्याच्या पायावरचा सर्वाधिक दाब येतो सुमारे १,५०० न्यूटन, म्हणजे वजनाच्या अडीच पट. त्याची स्प्रिंग सुमारे १९ सेंटिमीटर दबते. दुसऱ्यावरचा दाब १,३१० न्यूटन, म्हणजे वजनाच्या सव्वादोन पट, पण त्याची स्प्रिंग २३ सेंटिमीटर दबते. भागाकार केला तर पहिल्याची ताठरता मीटरला सुमारे ८ किलोन्यूटन आणि दुसऱ्याची ५.७. गंमत अशी की पाय टेकलेला असताना कंबर खाली जाण्याचं प्रमाण दोघांत जवळपास सारखंच, साडेपाच-सहा सेंटिमीटर. बाजूला उभं राहून बघणाऱ्याला दोघं सारखेच धावताना दिसतील. दुसऱ्याचा पाय जमिनीवर जास्त वेळ राहतो, त्यामुळं तो शरीराच्या पुढून मागं जास्त कोनातून फिरतो, आणि जास्तीचं दबणं मुख्यतः तिथून येतं.

हे तीन शतांश सेकंद डोळ्यांना दिसत नाहीत, मोबाइलला दिसतात. सेकंदाला २४० चित्रं घेणाऱ्या स्लो मोशनमध्ये पहिल्याचा पाय सुमारे ५० चित्रं जमिनीवर असतो, दुसऱ्याचा ५८. कॅमेरा घोट्याच्या उंचीवर, बाजूनं, स्थिर ठेवायचा आणि पाय टेकल्यापासून अंगठा सुटेपर्यंतची चित्रं मोजायची. आठ-दहा पावलांची सरासरी घेतली तर मनगटावरच्या घड्याळाच्या अंदाजापेक्षा हे मोजमाप विश्वासाचं.

ही ताठरता पायात कायमची बसवलेली नसते, आणि हे कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. पाय जमिनीला लागायच्या आधीच पोटरीचे स्नायू ताणून तयार होतात. मेंदूला जमीन कशी लागणार याचा अंदाज असतो. फेरिस आणि फार्ली यांच्या प्रयोगांत धावपटू मऊ पृष्ठभागावरून टणक पृष्ठभागावर गेले, तेव्हा पहिल्याच पावलात त्यांनी पायाची ताठरता कमी केली. उद्देश हा की जमीन आणि पाय मिळून शरीर तेवढंच खाली-वर व्हावं. २००२ मध्ये केरडॉक आणि सहकाऱ्यांनी ट्रेडमिलच्या पट्ट्याखालचा पृष्ठभाग टप्प्याटप्प्यानं बारा पटींहून अधिक लवचीक केला. धावणाऱ्यांच्या पायाची ताठरता २९ टक्क्यांनी वाढली आणि ऊर्जेचा खर्च १२ टक्क्यांनी उतरला. जमीनच स्प्रिंग झाली आणि पायानं गुडघा कमी वाकवला. वाकलेल्या गुडघ्यावर वजन पेलायला मांडीच्या स्नायूंना किती जोर लागतो, हे ज्यानं अर्ध्या बैठकीत मिनिटभर थांबून पाहिलंय त्याला माहीत आहे. ताठर पायाचा एक मोठा फायदा इथं आहे: मोठ्या, खर्चिक स्नायूंवरचा भार कमी होतो.

मग जितका ताठर तितका काटकसरी, असं म्हणायचं का? काही अभ्यासांत तसा कल दिसतो. १९९८ मध्ये हाइजे आणि मार्टिन यांना जास्त ऑक्सिजन खाणारे धावपटू जास्त दबणारे, लिबलिबीत धावणारे आढळले. पण हा संबंध मध्यम ताकदीचा होता. बऱ्याच धावपटूंना तो लागू पडत नाही. त्याच्या उलट जाणारं एक भक्कम निरीक्षणही आहे. क्रॅम आणि टेलर यांनी १९९० मध्ये दाखवलं की धावणाऱ्या प्राण्यांत, छोट्या उंदरासारख्या प्राण्यापासून घोड्यासारख्या मोठ्या प्राण्यापर्यंत, पाय जमिनीवर जितका कमी वेळ टेकतो तितका वजनाच्या प्रत्येक किलोमागं ऊर्जेचा खर्च जास्त असतो. कमी वेळात जोर उभा करायचा तर झपाट्यानं आखडणारे तंतू लागतात, आणि ते खादाड असतात. म्हणजे ताठरतेमुळं पाय लवकर सुटतो याचा तोटाही आहे.

या दोन गोष्टींचा मेळ असा बसतो. कमी वेळात जास्त जोर हा खर्च आहे. तो जोर चांगल्या कंडरेतून गेला, स्नायू संथ राहिला आणि गुडघा कमी वाकला, तर बचत खर्चापेक्षा मोठी ठरते. तोच कमी वेळ कुणी जबरदस्तीनं आणला, म्हणजे मुद्दाम चवड्यांवर टणटण उड्या मारत धावलं, तर स्नायूच सगळं काम करतो आणि ऑक्सिजन वाढतो. बाहेरून मोजलेली ताठरता दोघांचीही सारखी येईल. घड्याळातला किलोन्यूटनचा आकडा हे लक्षण आहे, कारण नव्हे. तो आकडा वाढवायचा म्हणून धावण्याची ढब बदलण्यात मला शहाणपण दिसत नाही. सरावलेला धावपटू आपोआप निवडतो ती पावलाची लांबी बहुधा त्याच्या सर्वांत स्वस्त लांबीच्या जवळच असते, हे कॅव्हाना आणि विल्यम्स यांनी १९८२ मध्येच दाखवलंय.

ढब सोडून खालची सामग्री बदलता येते, आणि त्याचे चांगले प्रयोग झालेत. फिनलंडमध्ये पावोलाइनेन यांनी १९९९ मध्ये तयारीच्या धावपटूंच्या एका गटाच्या सरावातला सुमारे एक तृतीयांश भाग नऊ आठवडे उड्या, छोट्या जोरदार धावा आणि हलक्या वजनाचे झटपट व्यायाम यांना दिला. सरावाचा एकूण वेळ वाढवला नाही. या गटाची पाच किलोमीटरची वेळ ३.१ टक्क्यांनी सुधारली, रनिंग इकॉनॉमी ८.१ टक्क्यांनी सुधारली, पाय जमिनीवर टेकण्याचा वेळ घटला, आणि व्हीओटू मॅक्स वाढलाच नाही. दुसऱ्या गटात उलट घडलं: नेहमीच्या सरावानं व्हीओटू मॅक्स वाढला, पाच किलोमीटरची वेळ मात्र सुधारली नाही.

माझ्या दृष्टीनं त्याहून बोलका प्रयोग २०१३ मधला जर्मनीतला, अल्ब्राख्त आणि अराम्पात्झिस यांचा, कारण त्यात उड्याही नव्हत्या आणि धावण्यातही बदल नव्हता. हौशी पण सरावाच्या धावपटूंनी चौदा आठवडे फक्त पोटरीचा एक व्यायाम केला. पाय हलू न देता चवड्यानं जवळजवळ पूर्ण ताकदीनं, म्हणजे कमाल जोराच्या ९० टक्क्यांनी, तीन सेकंद दाबायचं, तीन सेकंद सोडायचं. असं चार वेळा, आणि त्याचे पाच फेरे. हा व्यायाम आठवड्यातून चार दिवस. चौदा आठवड्यांनी कंडरेचा ताठरपणा सुमारे १६ टक्क्यांनी वाढला, पोटरीची ताकद ७ टक्क्यांनी, आणि त्याच वेगाला लागणारा ऑक्सिजन सुमारे ४ टक्क्यांनी घटला. तीन सेकंदांचा ताण महत्त्वाचा. कंडरेतल्या पेशींना ताण जाणवायला जोर मोठा हवा आणि तो थोडा टिकायलाही हवा. हलक्या वजनानं पन्नास वेळा टाचा उचलून स्नायू दमतो, कंडरेला मात्र त्याची फारशी दखल घ्यावीशी वाटत नाही.

रॅडक्लिफच्या नोंदींत वाढलेल्या ताठरतेचा माग दिसतो. १९९६ मध्ये ती जागच्या जागी उभी उडी मारून २९ सेंटिमीटर वर जात असे. २००३ मध्ये ३८ सेंटिमीटर. आणि बसून पायाची बोटं गाठण्याच्या चाचणीत ती पूर्वीपेक्षा कमी लवचीक झाली होती. जोन्स यांनीच २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय दर्जाच्या चौतीस धावपटूंवर हीच चाचणी घेतली, तेव्हा कमी लवचीक असणारे जास्त काटकसरी निघाले. लवचीकता वाढवण्यासाठी रोज अर्धा तास ताण देत बसणाऱ्या धावपटूंनी हे वाचावं. अर्थात एका खेळाडूच्या अकरा वर्षांत पुष्कळ काही बदलतं. तिचं आठवड्याचं अंतरही या काळात कित्येक पटींनी वाढलं होतं. श्रेय एकट्या ताठरतेला देता येणार नाही.

काही गोष्टी मात्र सरावाच्या हातात नाहीत. टाचेचं हाड घोट्यामागं जितकं कमी लांब, तितका कंडरेवर जोर जास्त येतो आणि ती जास्त ऊर्जा साठवते. स्कोल्झ यांनी २००८ मध्ये पंधरा धावपटूंत मोजलं, तेव्हा छोट्या टाचेचे धावपटू ठळकपणे काटकसरी निघाले. पोटऱ्या बारीक असणंही फायद्याचं, कारण पायाच्या टोकाचं वजन प्रत्येक पावलाला झुलवावं लागतं. प्रत्येक बुटात शंभर ग्रॅम वाढले की ऑक्सिजनचा खर्च साधारण एक टक्का वाढतो.

चढावर हिशेब बदलतो. प्रत्येक पावलाला शरीर कमी खाली येतं, म्हणून कंडरेत साठणारं भांडवलच घटतं आणि स्नायूंना आखडून खरोखर काम करावं लागतं. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढताना सपाटीवरचा काटकसरी धावपटू आणि दणकट मांड्यांचा धावपटू यांच्यातलं अंतर कमी होतं, त्याचं एक कारण हे आहे.

उड्या आणि ताकदीच्या या व्यायामांत धोका एका जागी आहे. स्नायू काही आठवड्यांत ताकद पकडतो. कंडरा महिने घेते. उत्साहानं पहिल्याच आठवड्यात शंभर उड्या मारल्या की जोर वाढतो आणि तो झेलणारी कंडरा तयार नसते. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्या काही पावलांना टाचेच्या वर दुखणं, आणि चालून गरम झाल्यावर ते नाहीसं होणं, ही पहिली खूण. धावताना दुखत नाही म्हणून ती दुर्लक्षित होते. ही खूण दिसली की उड्या ताबडतोब थांबवाव्यात आणि दुखणं हटलं नाही तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवावं.

बदल झाला की नाही हे प्रयोगशाळेशिवायही बऱ्यापैकी ताडता येतं. मैदानावरचा चारशे मीटरचा ट्रॅक, तेच बूट, पहाटेची तीच वेळ, आणि गप्पा मारता येतील असा एकच ठरलेला वेग; दहा मिनिटं धावा आणि शेवटच्या तीन मिनिटांची हृदयगती, छातीवरच्या पट्ट्यानं मोजून, लिहून ठेवा. आपल्याकडं उन्हाळ्यात त्याच वेगाला हृदयगती नुसत्या उकाड्यानं वाढते, म्हणून मार्चच्या आकड्याची तुलना डिसेंबरशी करू नका. व्यायाम सुरू करण्यापूर्वी वेगवेगळ्या दिवशी तीन नोंदी घ्या, चौदा आठवड्यांनी पुन्हा तीन घ्या, आणि त्याआधी निकाल काढू नका.